तोंडी भाव, चौदा स्क्वेअर फूट आणि तुटलेला शेजार

मी नाशिकला फर्निचरची कामं घेतो. आज धंद्यातलं एक दुखणं मांडतोय, न लिहिता तोंडी ठरवलेल्या कामाचं, कारण गेल्या महिन्यात दोन तरुण मिस्त्री याच कारणाने पैसे अडकवून माझ्याकडे आले होते.

काही वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीतल्या एका काकांचा वॉर्डरोब केला. सात फूट रुंद, सात फूट उंच आणि वर छतापर्यंत दोन फुटांचा लॉफ्ट. चहा पिता पिता भाव ठरला, "१,३०० रुपये स्क्वेअर फूट". वीस हजार हातात आले, मी कामाला लागलो. कागद नाही, मेसेज नाही. घरचंच काम, लिहून काय घ्यायचं!

काम पूर्ण झाल्यावर मी हिशेब दिला. लॉफ्टसकट उंची नऊ फूट, म्हणजे ६३ स्क्वेअर फूट, ८१,९०० रुपये. काकांच्या डोक्यात होतं सात बाय सात, ४९ स्क्वेअर फूट, ६३,७०० रुपये. "लॉफ्ट तर कपाटाबरोबर येतोच ना?" ते खोटं बोलत नव्हते. मीही नव्हतो. १८,२०० रुपयांचा फरक ना त्यांच्या लबाडीतून आला, ना माझ्या. तो आला 'स्क्वेअर फूट' या शब्दातून. आम्ही समोरून दिसणारी रुंदी गुणिले उंची मोजतो, हे धंद्यातल्या माणसाला माहीत असतं, घर लावणाऱ्याला नसतं. अडीच महिन्यांनी ७२ हजारांवर तोडलं. काका आजही समोरून येताना मान वळवतात, आणि त्याचं मला त्या दहा हजारांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

तेव्हापासून कितीही ओळखीचा माणूस असो, कोटेशन लिहून देतो. नुसता भाव लिहून उपयोग नाही, मोजणी कशी धरली ते लिहावं लागतं. "वॉर्डरोब ७ x ७ = ४९, लॉफ्ट ७ x २ = १४, एकूण ६३" अशी ओळच टाकतो. आतले ड्रॉवर भावात धरलेत की नगावर वेगळे, तेही तिथेच.

दुसरं भांडण 'चांगलं प्लाय' या दोन शब्दांवरून होतं. चांगलं म्हणजे काय? म्हणून जाडी, कंपनी आणि आयएस नंबर, म्हणजे भारतीय मानकाचा नंबर, लिहायचा. ३०३ हे साधारण वापराचं प्लाय, ७१० हे मरीन, पाण्याच्या जागेसाठी. हा नंबर शीटवर छापलेला असतो. माल उतरला की मी गिऱ्हाइकाला त्या छाप्याचा फोटो काढायला सांगतो, कारण एकदा सनमायका चिकटला की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. सनमायकाचा कोड नंबरही लिहायचा. 'फिकट अक्रोड' म्हणून चालत नाही, त्या नावाच्या दहा छटा निघतात. बिजागऱ्या साध्या की सॉफ्ट क्लोज, हेही. चार दारं आणि लॉफ्टची चार झाकणं मिळून माझ्या कामात चोवीस लागल्या होत्या. प्रत्येकीमागे शंभर रुपयांचा फरक धरला तरी २,४०० होतात.

आता ॲडव्हान्स. मी निम्मी रक्कम घेतो, कारण साधारण तेवढाच माल लागतो: प्लाय, सनमायका, बिजागऱ्या, चॅनल. सात फुटी भिंतीसाठी कापलेला बॉक्स दुसऱ्याच्या साडेसहा फुटांत बसत नाही. गिऱ्हाईक मागे फिरलं तर तो माल माझ्या अंगावर पडतो. बॉक्स उभा राहिला की ४० टक्के, आणि शेवटचे १० टक्के दारं, हँडल, फिनिशिंग दाखवून झाल्यावर. ते १० टक्के गिऱ्हाइकाच्या हातात राहिलेच पाहिजेत, नाहीतर शेवटचं हँडल बसवायला आमचा माणूस महिनाभर जात नाही. हे मी माझ्याच जातभाईंबद्दल बोलतोय. कुणी सुरुवातीलाच ८० टक्के मागत असेल तर बहुतेक वेळा तो तुमच्या पैशांनी आधीच्या गिऱ्हाइकाचं काम उरकतोय.

काम रद्द झालं तर काय, हेही आधीच लिहा. कापणीच्या आधी रद्द केलं तर आणलेल्या मालाचं नुकसान वजा करून बाकी परत, असं माझ्या कागदावर असतं. 'ॲडव्हान्स परत मिळणार नाही' एवढं छापलं की सगळी रक्कम आपली झाली, असं काही जण समजतात. करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच बोलतं.

मधेच होणारे बदल मात्र अजून मलाही जड जातात. "दादा, इथे एक आरसा लावा ना" असं वहिनी सहज म्हणतात आणि आपण मान डोलावतो. आता मी तिथेच उभा राहून व्हॉट्सॲप करतो: आरसा, अमुक मापाचा, इतके रुपये जास्त, दोन दिवस जास्त. त्यांचं 'ओके' आल्याशिवाय कटर चालू करत नाही. परवा एका वहिनींनी रक्कम वाचली आणि म्हणाल्या, "मग राहू दे." आरसा राहिला, काम वेळेत झालं, आणि हिशेबाला पाच मिनिटंही लागली नाहीत.