मध चाटवायचा आहे, पण पहिल्या वाढदिवसाला

“दादा, आत्या रोज फोन करून विचारते, बाळाला मध चाटवला का, गुटी सुरू केली का? नाही म्हटलं की ‘तुम्ही शिकलेले’ म्हणून बोलणी बसतात. बाळ तीन महिन्यांचं आहे. बायको रडकुंडीला आलीये. भांडण न होता काय सांगू?”

पुण्याहून चुलतभावाने हे घरच्या ग्रुपवर विचारलं आणि दिवसभर तिथे जे चाललं त्याने माझं डोकं फिरलं. तरुण मंडळी म्हणाली, “सरळ नाही म्हण, बाऊंड्री आखायला शीक.” काकू म्हणाल्या, “हो हो म्हणायचं आणि द्यायचं नाही.” काकांना प्रश्नच वेगळा वाटला. त्यांनी स्वतःच्या मुलाला कोणत्या शाळेत घालायला लोकांनी कसं भरीस पाडलं, ते सविस्तर लिहिलं. मग कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, “जर्मनीवाल्याला विचारा, तिकडे नातेवाईकच नसतात.”

नातेवाईक नसतात हे खरं. पण सल्ले नसतात असं नाही. स्टुटगार्टला यू-बान ट्रेनमध्ये नोव्हेंबरात बाळाची टोपी कानावरून जरा सरकली, तर समोरची अनोळखी आजी मला हटकते. माझी शेजारीण बाळाला बडीशेपेचा चहा पाजायला सांगते, अगदी आपल्या आत्यांच्या सुरात. तेव्हा सल्ला देणारी माणसं फक्त भारतातच भेटतात, हे मला मान्य नाही. फरक आहे तो उत्तरात. शेजारणीला मी “हेबामेशी बोलतो” म्हणतो, म्हणजे इथल्या सुईणीशी, आणि विषय संपतो. आत्याला “डॉक्टर नको म्हणाले” म्हटलं, की तिथून भांडण सुरू होतं, कारण तिला ऐकू येतं, ‘तू तुझी पाच पोरं चुकीची वाढवलीस.’

म्हणून पहिलं सांगतो: तिकडच्या डॉक्टरचं नाव घेऊच नकोस, आणि माझंही नको. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, हे आपल्याच माता व बाल संरक्षण कार्डावर आहे. केंद्र सरकारने 2016 साली ‘माँ’ नावाचा कार्यक्रम काढला, तोही स्तनपानासाठीच. आपल्या मोठ्या वहिनी साताऱ्याकडे नर्स होत्या. ग्रुपवर त्या एकट्याच शांतपणे बोलल्या, “अंगणवाडीत आम्ही हेच सांगत आलो, कोणी गोऱ्याने शिकवलं नाही.” या वाक्याने आत्याचं तोंड बंद झालं नाही, पण तिचा आवाज उतरला. मी हेच सांगितलं असतं तर ‘बाहेर जाऊन बदलला’ एवढंच ऐकलं असतं.

मधाचं मात्र आत्याला नीट सांगावं लागेल, कारण ती अर्धी बरोबर आहे. ती म्हणते, “आपला मध महाबळेश्वरचा, शुद्ध, त्यात भेसळ नाही.” भेसळ नसेलही. अडचण भेसळीची नाहीच. मधात कधीकधी मातीतल्या एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र रुजू शकतात, आणि तिथे तयार झालेलं विष स्नायू लुळे पाडतं. शौचाला न होणं, अंगावर ओढताना जोर न लागणं, रडणं क्षीण होणं, पापण्या जड होणं, मान ढिली पडणं अशी लक्षणं दिसतात. असं दिसलं की वाट न बघता दवाखाना गाठायचा. मध शुद्ध असला तरी बीजाणू असू शकतात, आणि घरी गरम करून ते मरत नाहीत.

यावर ती म्हणणार, “आम्ही सगळे चाटूनच मोठे झालो.” हे खोडू नकोस. आजार दुर्मीळ आहे, बहुतेक मुलांना काही होत नाही, म्हणून तिचा अनुभव खराच आहे. फक्त एवढं म्हण, “आत्या, धोका थोडा आहे, पण झाला तर फार मोठा.” लगेच तारीख दे: “पहिल्या वाढदिवसानंतर मधाचं पहिलं बोट तूच चाटव.” वर्ष पूर्ण झाल्यावर मध चालतो, म्हणजे हे खोटं आश्वासनही नाही. नकार देताना मुदत दिली की माणूस थांबतो, आणि तो मान तिलाच मिळतो.

काकूंचा ‘हो हो’ मला अजिबात पटत नाही. माझ्या सासूबाई व्हिसावर इथे तीन महिने राहायला आल्या, तेव्हा फोनवरचे ‘हो’ एका सकाळी उघडे पडले असते. सहाण त्या सोबत घेऊन आल्या होत्या, आणि एका डब्यात हळकुंड, वेखंड, जायफळ, बाळहिरडा, मुरुडशेंग, ज्येष्ठमध, खारीक आणि बदाम. मी एल्टर्नझाइटवर, म्हणजे बाळासाठीच्या पालक रजेवर, घरी होतो. बायकोला मध्ये न घालता मीच त्यांच्याशेजारी बसलो आणि विचारलं, कोणती वस्तू किती वेढे उगाळायची, वेखंड कमी का घ्यायचं. त्या खूप वेळ बोलल्या. मग म्हटलं, “आई, सहा महिन्यांच्या आत आईच्या दुधाखेरीज काहीच नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय. नंतरही डॉक्टरांना विचारूनच. मालीश मात्र तुमच्याच हातची हवी.” सहाण कपाटात गेली. खोबरेल तेलाची मालीश रोज झाली आणि बाळ त्यांच्या मांडीवरच झोपायचं.

त्या डब्याचं नंतर काय करायचं, यावर माझं आणि बायकोचं अजून एकमत नाही. तिला वाटतं, एक-दोन वस्तू मोठ्या वयात द्यायला हरकत नाही. मला उगाळलेल्या मात्रेचा अंदाज येत नाही, म्हणून मी नको म्हणतो.

तेव्हा सगळ्या सल्ल्यांवर लढू नकोस. मध, सहा महिन्यांच्या आतली गुटी आणि पाणी, डोळ्यात बोटाने काजळ घालणं, पालथं झोपवणं, एवढ्यावर अडून बस. मालीश, टोपी, तीट, अंगाई, दृष्ट काढणं, हे सगळं होऊ दे, आणि होत असताना आत्याला व्हिडिओ कॉल लाव. ग्रुपवर तिला लिंका पाठवू नकोस. चारचौघांत खोटं ठरलेलं माणूस माघार घेत नाही. आणि बाळ तिच्याकडे एकटं ठेवायचं असेल, तर हा मवाळपणा पुरणार नाही. आधी स्पष्ट कबूल करून घे, नाहीतर ठेवू नकोस. तिथे रुसवा झाला तरी चालेल.

मी इतकं तावातावाने लिहितोय, कारण ‘तिकडे नातेवाईकच नसतात’ हे मला लागलं. आमचं दुसरं बाळ झालं तेव्हा आत्याने काही विचारलं नाही. मध नाही, गुटी नाही, टोपी नाही. “तुम्हाला सगळं कळतं,” एवढंच म्हणाली. माझी बायको सुटकेचा श्वास सोडत होती, आणि मला मात्र त्या घरातून माझं नाव कमी झाल्यासारखं वाटलं. इथे यू-हेफ्टात, म्हणजे बाळाच्या तपासण्यांच्या वहीत, सगळं वेळच्या वेळी नोंदलं जातं, व्हिटॅमिन डीच्या गोळीपासून वजनाच्या रेषेपर्यंत, पण बाळाचं नाक कोणावर गेलंय हे कोणी विचारत नाही. तुला रोज फोन येतो, याचा तुला वैताग आहे. मला तुझा हेवा वाटतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

फोन तूच कर. ती आपली आत्या आहे, बायकोला बोलायला लावू नकोस, तिचं एक वाक्य वर्षभर आठवलं जाईल. रविवारी दुपारी, तिची झोप झाल्यावर. आधी तिच्या गुडघ्यांचं विचार, मग तिच्या मोठ्या मुलाला गुटी कोण उगाळायचं ते विचार, आणि वाढदिवसाच्या मधाचं शेवटी बोल.