झोंबी नाहीत, म्हणून गोष्ट नाही?

“भाऊ, जग बुडालं दाखवता आणि दहा भाग लोकं नुसती बोलतात, रडतात. ना झोंबी, ना मारामारी, काही घडतच नाही. आणि खऱ्या संकटात माणूस माणसाला खातो, हे नात्यागोत्याचं सगळं खोटं. पैसे नसले की असल्या सिरीज काढतात.”

धुळे-जळगावकडच्या मित्रमंडळीत हा मजकूर महिनाभर फिरतोय. रोख ‘स्टेशन इलेव्हन’ या दहा भागांच्या सिरीजवर आहे. तापाच्या साथीत जवळपास सगळं जग संपतं आणि उरलेली माणसं पुढची वीस वर्षं कशी जगतात, याची ती गोष्ट. म्हणून उत्तरही तिच्यावरूनच देतो. पुढे कथानक उघड होईल.

आधी ‘काही घडत नाही’ हे घ्या. शिकागोत ‘किंग लिअर’च्या प्रयोगात मुख्य नट कोसळतो. प्रेक्षकांतला जीवन चौधरी मदतीला धावतो आणि नाटकात काम करणारी आठ वर्षांची कर्स्टन त्याच्या गळ्यात पडते, कारण तिला घरी सोडायला कुणीच नाही. तेवढ्यात दवाखान्यात डॉक्टर असलेल्या बहिणीचा फोन येतो, तापाची साथ हाताबाहेर गेली आहे. जीवन किराणा भरतो आणि पोरीला घेऊन भाऊ फ्रँकच्या उंच इमारतीतल्या घरी जातो. तिघं दार लावून बसतात. हाणामारी नसेल, पण इथून पुढचा प्रत्येक प्रसंग एका निर्णयावर उभा आहे. शिधा संपत येतो तेव्हा जीवनला निघायचं असतं, अधू पायाच्या फ्रँकला घर सोडायचं नसतं आणि पोरीला जाण्याआधी आपण रचलेलं नाटक करायचं असतं. ते नाटकासाठी थांबतात. त्याच वेळी एक अनोळखी माणूस आत घुसतो आणि फ्रँक जीवानिशी जातो. चाकू दोन क्षण दिसतो, पण ‘माझ्या हट्टापायी थांबलो’ हे त्या पोरीला वीस वर्षं पुरतं.

पुढे जीवन आणि कर्स्टनची ताटातूट होते, तीही कुठल्या टोळीच्या हल्ल्यात नाही. एका कॉमिकच्या पुस्तकावरून दोघांचं भांडण होतं. नंतर तेच पुस्तक आणायला तो बर्फात एकटा बाहेर पडतो, लांडगा त्याचा पाय फोडतो आणि त्याला उचलून नेणारे त्याला भलतीकडेच घेऊन जातात. इकडे पोरगी वाट बघत बसते. भांडणानंतर गेलेला माणूस परत आला नाही, एवढंच तिच्या हाती उरतं. मोठेपणी ती कुणाला जवळ का येऊ देत नाही, सुरी कायम हाताशी का ठेवते, ते इथे कळतं.

‘माणूस माणसाला खातो’ हे तर अभ्यासाशीच जुळत नाही. चार्ल्स फ्रिट्झ, एन्रिको क्वारंटेली या समाजशास्त्रज्ञांनी आपत्तीत सापडलेल्या लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. सैरावैरा पळापळ आणि लूटमार समजतात त्यापेक्षा खूप कमी होते, पहिली मदत बहुधा शेजारीपाजारीच करतात, असं त्यांना दिसलं. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा रस्त्याने मजूर बायकापोरांसह उत्तरेकडे चालत निघाले. धुळ्यापासून शिरपूरपर्यंत त्यांना पाणी, भाकरी, खिचडी देणारी आपलीच माणसं होती. तेव्हा कुणाच्या घरी धान्याचे डोंगर नव्हते.

पण त्याच दिवसांत कित्येक गावांनी वेशीवर काटेरी फांद्या टाकून रस्ते अडवले, हेही खरं. साथीत समोरचा माणूसच धोका वाटतो. पूर आणि साथ यांत हा फरक आहे, आणि सिरीज तो लपवत नाही. पाचव्या भागात काही प्रवासी एका विमानतळावर अडकतात. धावपट्टीवर एक विमान दारं बंद करून उभं, आत लागण झालेले. बऱ्याच दिवसांनी त्यातून एक माणूस जिवंत बाहेर येतो. टायलर नावाचा पोरगा त्याला बिलगतो, आणि विमानतळावरची मंडळी त्या माणसाला गोळी घालतात. पोराला आईसकट वेगळं डांबतात. गोळी घालणारे राक्षस नसतात. आदल्या दिवसापर्यंत तेच अन्न वाटून घेत होते, टापटीप ठेवत होते. मोठेपणी हाच टायलर पोरांची फौज जमवून त्या विमानतळावर चालून येतो. खलनायक कसा घडला, हे इतकं स्पष्ट दाखवणारी झोंबीची सिरीज मला तरी आठवत नाही.

पैशाचं म्हणाल तर चित्रीकरण २०२० च्या सुरुवातीला शिकागोत सुरू झालं, खऱ्या महामारीने बंद पडलं आणि पुढे कॅनडात पुरं झालं. ओसाड शहरं, गोठलेली सरोवरं, वीस वर्षांनंतरची फिरती नाटक मंडळी हे काही फुकटात उभं राहत नाही.

एक तक्रार मात्र मान्य. काळ सारखा पुढे-मागे उडतो आणि दुसऱ्या भागात कोण कुणाचं ते लागत नाही. तिथेच बहुतेकांनी सोडून दिलंय. निदान पाचव्यापर्यंत बघा, आणि सातवा-नववा लागोपाठ बघा. फ्रँकचं घर आणि लांडग्याचा हल्ला त्या दोन भागांत आहे.