फोटोतल्या कार्डाची पारख: कोणती खूण कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते

> “तुमचा लेख वाचून एक जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड सोडलं, कारण लेबल तिरकं होतं आणि मागे कनेक्टरपाशी पिवळट फ्लक्स दिसत होता. मित्राने तेच घेतलं, ते अस्सल निघालं! मी मग सुबक छपाई आणि चकचकीत सोल्डरिंग बघून दुसरं घेतलं, ते बनावट. फोटोवरून कार्ड ओळखणं म्हणजे निव्वळ ज्योतिष. एसएसडीचं तर बोलायलाच नको.”

चूक माझ्या लेखाची आहे. जुनं कार्ड फोटोवरून पारखताना बघायच्या सोल्डरिंग, लेबल आणि कव्हर या तिन्ही खुणा त्यात मी एकाखाली एक मांडल्या आणि कुठल्या खुणेला किती वजन द्यायचं ते सांगितलंच नाही. ज्योतिष मात्र नाही म्हणणार.

सोल्डरिंगने तुम्हाला फसवलं, कारण तुम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारलात. बनावट १०५० टीआय म्हणून जे विकलं जातं ते बऱ्याचदा २०१०-११ सालचं जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआय असतं. त्याचं बायोस, म्हणजे संगणकाला कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलून नवं नाव सांगायला लावलेलं असतं आणि वर पंख्याचं नवं कव्हर बसवलेलं असतं. चिप जुनी, पण बोर्ड कारखान्यात यंत्रावरच बनलेला. मग सोल्डरिंग चकचकीत असणारच! सोल्डरिंगवरून एवढंच कळतं की कार्ड दुरुस्त झालंय का. कार्ड कोणतं आहे, हे त्यावरून कळत नाही.

दुरुस्तीची खूण विसंगतीत शोधायची. तुम्ही पाहिलेला फ्लक्स, म्हणजे सोल्डरिंगच्या वेळी लावलेल्या द्रव्याचा उरलेला अंश, कनेक्टरच्या सगळ्या पायांभोवती सारखाच पसरलेला असेल, तर तो कारखान्यातलाच. नव्या कार्डांवरही दिसतो. पण बाकी बोर्ड कोरडा, आणि एकाच मेमरी चिपच्या कडेला तपकिरी, चिकट चमक. शेजारचा तांदळाच्या दाण्याहून बारका कपॅसिटर किंचित वाकडा. त्या चिपवरची छपाई बाकीच्या चिपांपेक्षा वेगळ्या बॅचची. एवढं एकत्र दिसलं तर तिथे गरम हवा लागलेली आहे, म्हणजे चिप बदललेली किंवा नुसती तापवून ‘जिवंत’ केलेली. बदललेली चिप वर्षानुवर्षं चालू शकते, नुसती तापवलेली फार दिवस टिकेल असं धरू नका. चिपखालचे सांधे कुठल्याच फोटोत दिसत नाहीत, त्यामुळे दोन्हींतला फरक फोटोवरून ठरवू नये.

लेबलाचं वजन सर्वांत कमी. लेबल अस्सल कार्डावरही तिरकं लागतं आणि बनावट लेबल सुबक छापणं अवघड नाही. शिवाय मेसेजमधून आलेला फोटो इतका दाबलेला असतो की अक्षरांच्या कडा धूसर दिसल्या तर तो दोष छपाईचा की फोटोचा, हे सांगता येत नाही. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. मग छपाई बघत बसण्याऐवजी फोटोतला बारकोड फोनच्या स्कॅनरने वाचा. त्यातून येणारा क्रमांक खाली छापलेल्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर लेबल बनावट आहे. जुळला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण अख्खं अस्सल लेबलच नकललेलं असू शकतं.

आता कव्हर. खरं वजन इथे आहे, पण कव्हराकडे बघून नव्हे. ते ज्याला झाकू शकत नाही त्याकडे बघून. विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: पोर्टची बाजू, वरची कड आणि मागची बाजू अगदी सरळ समोरून.

पोर्टच्या बाजूला निळं, १५ छिद्रांचं व्हीजीए दिसलं तर १०५० टीआयचा विषय तिथेच संपवा. ते ज्या पास्कल पिढीतलं आहे, तिच्या चिपमध्ये व्हीजीएला लागणारं ॲनालॉग आउटपुटच नाही. वरच्या कडेला, पोर्टच्या पट्टीजवळ, एसएलआयची, म्हणजे दोन कार्डं एकत्र जोडायच्या सोयीची, छोटी सोनेरी जीभ शोधा. ४५० आणि ५५० टीआयच्या बोर्डांवर ती सापडते, १०५० टीआयला एसएलआयच नाही. ती जीभ बऱ्याचदा कव्हराच्या लोंबत्या कडेखाली अर्धी लपलेली असते, म्हणून फोटो वरून हवा. सहा पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून मात्र निकाल देऊ नका. काही अस्सल १०५० टीआयवरही तो असतो. कव्हर बोर्डापेक्षा लांब असणं हाही पुरावा नव्हे, स्वस्त अस्सल कार्डं तशीच येतात.

मागच्या फोटोत मोजपट्टी आयती मिळते. स्लॉटमध्ये जाणाऱ्या सोनेरी पट्ट्या खाचेच्या एका बाजूला ११ आणि दुसऱ्या बाजूला ७१ असतात, एकमेकींपासून बरोबर १ मिमीवर. म्हणजे लांब भागातल्या पहिल्या पट्टीच्या मध्यापासून शेवटच्या पट्टीच्या मध्यापर्यंत ७० मिमी. समजा, फोटोत हे अंतर ८४० पिक्सेल भरलं. म्हणजे १ मिमीला १२ पिक्सेल. चिपच्या मागे चौकोनात बसलेल्या चार स्प्रिंगवाल्या स्क्रूंपैकी शेजारच्या दोघांमधलं अंतर ६३६ पिक्सेल आलं, तर ते ५३ मिमी झालं. आता त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलचा मागचा फोटो एखाद्या जुन्या परीक्षणातून काढा आणि तसंच मोजा. तिथे ४३ मिमी आलं, तर वरचं कव्हर काहीही म्हणो, बोर्ड दुसरा आहे. एक-दोन मिमीचा फरक सोडून द्या, तो कॅमेरा कलल्याचा असतो. विक्रेत्याला सांगा, फोन दोन हात लांब धरून झूम करा. अगदी जवळून काढलेल्या फोटोत कडा ताणल्या जातात. मॉडेलच्या दोन आवृत्त्या निघालेल्या असतील तर दोन्ही ताडून बघा, नाहीतर अस्सल कार्डावर अन्याय व्हायचा.

एवढं जुळल्यावर GPU-Z या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा स्क्रीनशॉट मागवा. ओळखीची बनावट असेल तर नावाआधी [FAKE] येतं. विक्रेता ‘ड्रायव्हर मीच पाठवतो, तोच टाका’ म्हणाला तर कारण साधं आहे: त्या जुन्या चिपांसाठीचे नेहमीचे ड्रायव्हर 391.35 ला थांबले, नवा ड्रायव्हर त्यांना ओळखतच नाही.

एसएसडीबाबत तुमची तक्रार मला जास्त पटते. तिथे सगळं लेबलाखाली असतं आणि ते सोलायला कुणी तयार होत नाही. तरी बाजूने, डोळ्याच्या रेषेत काढलेल्या फोटोत लेबलाखालचे उंचवटे मोजता येतात. सॅमसंगच्या ९९० प्रोच्या २ टीबी ड्राइव्हवर एकाच बाजूला ड्राइव्ह चालवणारा कंट्रोलर, तात्पुरत्या मेमरीची डीरॅम चिप आणि डेटा साठवणाऱ्या मेमरीच्या दोन चिपा असतात, मागची बाजू सपाट. डीरॅमचा उंचवटा नसेल किंवा मागेही चिपा असतील, तर तो ९९० प्रो नव्हे. हा नियम दुसऱ्या मॉडेलला लावू नका. ९९० इव्होला मुळातच डीरॅम नाही.

मग विक्रेत्याला smartmontools या प्रोग्रॅममधली ही आज्ञा ॲडमिन म्हणून चालवायला आणि तिचा स्क्रीनशॉट पाठवायला सांगा:

```
smartctl -a /dev/nvme0
```

Model Number कडे बघू नका, ते फर्मवेअरमध्ये हवं ते लिहिता येतं. PCI Vendor/Subsystem ID ची ओळ बघा. सॅमसंगसाठी तिथे 0x144d हवं. 0x1e4b आलं तर कंट्रोलर मॅक्सिओ या दुसऱ्याच कंपनीचा आहे, मग वरचं लेबल कितीही सुबक असो. 0x144d आलं तरी थांबा: त्याच स्क्रीनशॉटमधला Serial Number लेबलावरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळायला हवा. विक्रेता पूर्ण क्रमांक दाखवायला कचरत असेल तर दोन्हीकडची पहिली चार अक्षरं झाकू दे, बाकीची पुरतात.