आहेराच्या पाकिटात चार ओळी

ठाण्यात जांभळी नाक्याला आहेराची पाकिटं डझनावारी मिळतात. सोनेरी गणपती, सोनेरी कलश, सोनेरी मोर, आणि कोपऱ्यात एक रुपयाचं नाणं आधीच चिकटवलेलं. पूर्वी लग्नाला निघताना, रिक्षा खाली थांबलेली असताना, घरभर एक रुपया शोधावा लागे. तो शेवटी देवघरात सापडे आणि देवाचा उचलायचा की नाही यावर वाद होई. त्या चिकटवलेल्या नाण्याने किती संसार वाचवले असतील, सांगता येत नाही. आता नोटा सरकवायच्या, पाकीट चिकटवायचं, मागे नाव लिहायचं, झाला आहेर.

सईच्या लग्नाच्या आदल्या रात्री मी नेमकं हेच करत होतो. बायको म्हणाली, "नुसते पैसे नका हो घालू. सख्खी भाची आहे. आत चार ओळी लिहा. आयुष्यभर बँकेत पत्रंच तर लिहिलीत."

बँकेतल्या पत्रांचा अनुभव असा होता की मी सरळ लिहून टाकलं, "सोबत रुपये ५,००१ (अक्षरी रुपये पाच हजार एक फक्त) जोडले आहेत. कृपया स्वीकार व्हावा." बायकोने चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "पोच कधीपर्यंत पाठवायची तेही लिहा ना. नाही पाठवली तर व्याज लावणार का?"

मग मी भावनेकडे वळलो. "फूल ना फुलाची पाकळी, गोड मानून घे." हे तिला जास्तच खटकलं. तिचं म्हणणं असं, की आपणच पाकळी म्हटलं की समोरचा माणूस आधी पाकळ्या मोजतो. रक्कम मोठी असली तर नम्रपणा खोटा वाटतो आणि लहान असली तर तिला बिचारीला "छे छे, कुठे कमी आहे!" म्हणत बसावं लागतं. पैसे किती आहेत हे नोटा सांगतात. चिठ्ठीने त्या विषयात तोंड घालू नये. मी वाद घातला नाही, कारण माझ्याच मुंजीतल्या पाकळ्या मला अजून रकमेसकट पाठ आहेत.

नंतरच्या मसुद्यात मी मामाच्या अधिकाराने लिहिलं, की जपून खर्च करा, शक्यतो एफडीत टाका. "पैसे देताय की तपासणी?" बायको म्हणाली. उपदेश चिठ्ठीत घातला, की पैशाला दोरी बांधल्यासारखी होते. पुढे ती पोरगी साडी घेईल आणि आपण भेटलो की साडी लपवेल.

शेवटी मी छापील पत्रिकेला शोभेल असं काहीतरी लिहिलं: तुमचं सहजीवन सुखाचं, समृद्धीचं, भरभराटीचं होवो. यावर बायकोने तिची परीक्षा लावली. ती इतकी साधी आहे की बँकेत कुणाला सुचली नाही. तिने 'सई' या नावावर अंगठा ठेवला आणि म्हणाली, "आता इथे समोरच्या फ्लॅटमधल्या श्रुतीचं नाव घाला. चालतंय?" चालत होतं. अगदी ज्याला मी ओळखतही नाही त्या नवरदेवाच्या धाकट्या भावालाही चाललं असतं. "मग फाडा," ती म्हणाली. चिठ्ठीत एक तरी ओळ अशी हवी, की दुसऱ्याच्या पाकिटात ती वेडगळ दिसली पाहिजे.

मी सईबद्दल आठवू लागलो. मे महिन्यात ती आमच्याकडे नौपाड्यात राहायला यायची. तलावपाळीला बोटीत बसायची आणि रडून उतरायची. एकदा मामलेदारची मिसळ तिने हट्टाने तिखटच मागितली. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून आणि नाकातून पाणी, पण कबूल करायला तयार नाही. घरी आल्यावर दह्याचं पातेलं घेऊन ती खिडकीत बसली आणि कुणाला चमचाभरही दिलं नाही. याशिवाय तिची काही नाजूक प्रकरणंही मला ठाऊक आहेत. ती लिहिली असती तर चिठ्ठी रंगली असती, पण इथे आहेराची वही आडवी येते.

चिठ्ठी लिहिणाऱ्याला वाटतं की नवी नवरी एकटी, निवांत, डोळे पुसत ती वाचणार आहे. प्रत्यक्षात लग्नाच्या रात्री हॉलवरून परतल्यावर सतरंजीवर पाकिटांचा ढीग ओततात. एक काका फोडतो, एक आत्या मोजते, आणि ज्याचं अक्षर बरं आहे असा एखादा चुलतभाऊ दोनशेपानी वहीत लिहितो. "कळव्याचे काका, पाचशे एक. लिहिलंस? पुढचं." या गतीत चिठ्ठी निघाली तर काका ती मोठ्याने वाचणार, सासरचे दोघंतिघं तिथेच बसलेले असणार. म्हणून मिसळ चालते, कॉलेजातला मुलगा चालत नाही. फोडलेली पाकिटं लगेच पिशवीत आणि पिशवी कचऱ्यात जाते. तेव्हा आपलं नाव नुसतं पाकिटाच्या पाठीवर असून भागत नाही, चिठ्ठीच्या खालीही लागतं. नुसतं 'मामा-मामी' लिहिलं तरी पुरत नाही. प्रत्येक लग्नात मामा-मामी चार-पाच जोड्या असतात. 'ठाण्याचे' हवं.

वहीची दुसरी अडचण पैशाची. त्याच रात्री केटररचा माणूस उरलेल्या हिशेबासाठी दारात उभा असतो. लोकांनी वधूवरांना दिलेले कितीतरी आशीर्वाद थेट जिलबीच्या बिलात वळते होतात. यात कुणाचं पाप नाही, रोख समोर असते आणि माणूसही समोर असतो. पण तुमचे पैसे सईपर्यंत पोचावेत असं वाटत असेल, तर ते कशासाठी आहेत हे चिठ्ठीत लिहिलेलं बरं. "हे अमक्यासाठी" असं मोठ्याने वाचून झालं, की काकासुद्धा ते पाकीट बाजूला ठेवतो. फक्त ते 'अमकं' लहान हवं, मजेचं हवं आणि हिशेब मागता येऊ नये असं हवं. 'घरखर्चासाठी' लिहिलं तर पैसे सासूबाईंच्या डब्यात जातील. 'फ्रिजसाठी' लिहिलं तर तिला वाटेल की उरलेले आपण घालायचे.

सई लग्नानंतर खारघरला भाड्याच्या घरात राहायला जाणार होती. दोघांची नोकरी, दोघांनाही स्वयंपाकाचा आनंदच. शेवटी चिठ्ठी झाली ती अशी:

"प्रिय सई,
भांडी आणि मिक्सर बाकीचे देतीलच. हे त्यात मिसळू नकोस. खारघरला गेल्यावर ज्या संध्याकाळी दोघांनाही गॅस पेटवायचा कंटाळा येईल, त्या संध्याकाळी बाहेर जेवा. तिखट मागवलंस तर सोबत दही माग, आणि या वेळी त्यालाही थोडं दे.
ठाण्याचे मामा-मामी"

बायकोने अंगठा ठेवून पाहिला. श्रुतीला चालेना. पास.

चिठ्ठी झाली, तर कागदाचा प्रश्न. माझ्याकडे ए-फोर कागद होते. त्याच्या तीन घड्या केल्या तर पट्टी एकवीस सेंटिमीटर लांब होते आणि आहेराच्या पाकिटात शिरत नाही. तोच कागद आधी मधोमध फाडायचा आणि अर्ध्याच्या तीन घड्या करायच्या. मग १४८ बाय ७० मिलिमीटरची पट्टी मिळते. पाचशेची नोट १५० बाय ६६ आहे. म्हणजे नोटा आत ठेवून कागद त्यांच्याभोवती गुंडाळला की जेमतेम डोकावतात, पण चिठ्ठी उलगडल्याशिवाय हाती लागत नाहीत. हेच तर हवं होतं. चिठ्ठी नोटांच्या मागे ठेवली तर पैसे आधी निघतात, आणि ती पाकिटाबरोबर कचऱ्यात जाते. जेल पेन वापरू नये, घडी घातली की शाई समोरच्या बाजूला उमटते आणि 'दही' आरशात दिसतं. साधं बॉलपेन घ्यावं. मे २०२३मध्ये दोन हजारांच्या नोटा परत घ्यायला सुरुवात झाल्यापासून पाचशेचीच सगळ्यांत मोठी. त्यामुळे पाच हजार म्हणजे दहा नोटा आणि पाकिटाला पोट सुटतं. मी सवयीने स्टेपलर उचलला होता, पण रिझर्व्ह बँक नोटांना पिन मारू देत नाही हे आयुष्यभर गिऱ्हाइकांना मीच सांगत आलोय. काही उत्साही मंडळी चिठ्ठी वाचवून नोटेवरच शुभेच्छा लिहितात. मग ती नोट पानवाल्याकडे, पेट्रोल पंपावर आणि अखेर एखाद्या वैतागलेल्या कॅशियरकडे 'नांदा सौख्यभरे' म्हणत फिरते.

बायकोची ही परीक्षा सगळीकडे लागू पडत नाही, हे मात्र मी लगेच सांगतो. आमच्या इमारतीतल्या एका बाईंचे यजमान हॉस्पिटलात होते आणि त्यांना थोडे पैसे द्यायचे होते, तेव्हा मिसळ-दही बादच. सोनेरी मोरही बाद, साधं पांढरं पाकीट. नाणं काढलं, तो एक रुपया आमच्याकडे शुभकार्यालाच लावतात. अशा वेळी घेणाऱ्याला पहिली भीती 'हे फेडायचं कधी' याची असते, म्हणून पहिली ओळ तीच. बायकोनेच लिहिलं, "हे परत द्यायचं नाही. रात्री शेवटची लोकल गाठत धावू नका, रिक्षाने या. दार वाजवा, मी जागी असते." 'लवकर बरे होतील' हे तिने मुद्दाम लिहिलं नाही. ते तिला माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही नव्हतं. अशा चिठ्ठीवर गंमत करायला माझीही जीभ वळत नाही.

सईचं पाकीट आम्ही स्टेजवर फोटोच्या वेळी तिच्या हातात दिलं. तिने ते मागे उभ्या करवलीकडे दिलं, करवलीने पिशवीत टाकलं, पिशवी वहीपर्यंत गेली. त्यापुढचं मला ताईच्या फोनवरून कळलं. काकांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली, जावईबापूंनी "दह्याचं काय प्रकरण आहे?" विचारलं, सईने मिसळीची हकिगत सांगितली आणि त्यात स्वतःचे घास वाढवून घेतले. लिहिणारा चुलतभाऊ कष्टाळू होता, ऐकलं ते लिहीत होता. वहीत आमच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात आलं: 'ठाण्याचे मामा-मामी, ५,००१ आणि दही.'

ताई हिशेबाची पक्की. आलेला आहेर ती वही बघून परत करते, आणि जरा वाढवूनच करते. आमच्या मुलाचं लग्न मार्गशीर्षात आहे. परवा तिचा पुन्हा फोन आला. "पाच हजारांचं मी बघते रे," ती म्हणाली, "दही किती आणू?"