चढ वाढवला की वीज कमी, कॅलरी जास्त

वाचकाची प्रतिक्रिया: «तुम्ही म्हणता स्क्रीनवरच्या कॅलरींचा विजेशी संबंध नाही. मी ट्रेडमिलच्या प्लगला मीटर लावला. अर्ध्या तासात ०.३ युनिट, म्हणजे २५८ किलोकॅलरी. स्क्रीनवर २६२! मशीन स्वतःची वीज मोजून आपल्या नावावर खपवतं. मेहनत मोटर करते.»

मीटर लावून मोजलंत, याचा खरंच आनंद झाला. हिशोबही चोख आहे, एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. पण आकडे जुळले तो योगायोग आहे, आणि ते तुमच्याच मीटरवर पडताळता येईल.

ताशी ५ किलोमीटरने सपाट चाला आणि मीटरवरचे वॅट बघून ठेवा. मग वेग तोच ठेवून १० टक्के चढ द्या. पट्टा वर उचलणारी मोटर थांबली की पुन्हा बघा. ७० किलोच्या माणसाच्या अर्ध्या तासाच्या कॅलरी साधारण १२५ वरून २८० वर जातात, कारण दर पावलाला शरीर वर चढवावं लागतं. मीटर मात्र खाली येतो. कलत्या पट्ट्यावर आपलं वजनच त्याला मागे सरकवतं. या वेगाला तो हातभार ९५ वॅटच्या आसपास भरतो आणि मोटरवरचं तेवढं ओझं उतरतं. स्क्रीन वीज मोजत असती तर तिचाही आकडा घसरला असता.

मोटरची वीज मुख्यतः घर्षणात जाते. आपल्या वजनाने पट्टा खालच्या फळीवर दाबला जातो आणि मोटर त्याला तसाच ओढते. म्हणून सिलिकॉन तेल सुकलं की त्याच वेगाला वॅट वाढतात, कॅलरींचा आकडा जागचा हलत नाही. तुमचा मीटर त्यासाठी फार कामाचा आहे.

तुमच्या संशयात एक गोष्ट मात्र खरी आहे: स्क्रीन आपल्याकडे बघत नाही. वेग, चढ, वेळ आणि वजन सूत्रात घालून ती आकडा काढते. वजन विचारलं नाही तर ठरावीक वजन धरते. मी एकदा दोन्ही पाय बाजूच्या पट्ट्यांवर ठेवून नुसता उभा राहिलो, तरी कॅलरी चढतच होत्या. चढावर दांडा धरून अंग मागे टाकलं तरी तेच होतं: शरीराचं काम घटतं आणि आकडा तोच राहतो.

सायकलवर तुमची शंका उभीच राहत नाही. चुंबकीय सायकलचा प्लग स्क्रीन आणि चुंबक सरकवण्यापुरती जेमतेम काही वॅट घेतो. पेडलवर १०० वॅट देणारं शरीर मात्र आतून ४०० च्या आसपास खर्च करतं. बाकीची उष्णता घामावाटे निघते.

चढाचे दोन्ही आकडे घेतलेत की इथेच लिहा. पट्ट्याला शेवटचं तेल कधी दिलंत, तेही सांगा.