फ्लॅक, एएसी आणि १२८ चे एमपी३ : एका तक्रारीला दुकानातर्फे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (एक तारा):
"सीडी फ्लॅकमध्ये करून मागितल्या होत्या. फोनमध्ये २५६ चं एएसी भरलं आणि फ्लॅक पेनड्राइव्हवर टाकून मोकळे झाले. माझ्या जुन्या १२८ च्या एमपी३ चं फ्लॅक करून द्यायला तर चक्क नाही म्हणाले. स्टेशनजवळच्या दुसऱ्या दुकानात लगेच करून मिळालं, फाइलही पाचपट मोठी झाली. पैसे पूर्ण, काम अर्धं."

दुकानाचे उत्तर:
नमस्कार. पाचपट मोठ्या झालेल्या फाइलपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या मुद्द्यांचे उत्तर बरेचसे तिच्यातच आहे.

सीडीवर आवाजाची नोंद डाव्या आणि उजव्या बाजूसाठी स्वतंत्रपणे, दर सेकंदाला ४४,१०० वेळा, प्रत्येकी १६ बिटांत केलेली असते. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट येतात, आणि हाच त्या आवाजाचा बिटरेट. १२८ आणि २५६ हे आकडेही याच मापातले. आपल्या भजनांच्या सीडीतला सहा मिनिटांचा झांजांचा गजर या हिशेबाने साधारण ६३ एमबी जागा घेतो. फ्लॅक त्यातला एकही बिट न गमावता ही जागा पुष्कळदा निम्म्याच्या आसपास आणते, आणि वाजवताना मूळ आकडे जसेच्या तसे परत मिळतात. एमपी३ आणि एएसी यांची रीत वेगळी आहे. मोठ्या आवाजाखाली दबून जाणारे बारीक आवाज कानाला जाणवणार नाहीत, असा अंदाज बांधून ते त्यांचा तपशील कमी करतात किंवा गाळतात, आणि जे गाळले ते त्या फाइलमध्ये पुन्हा कुठेही नसते. त्यामुळे १२८ च्या एमपी३ चे फ्लॅक केले, तर फ्लॅक त्या उरलेल्या आवाजाचीच बिनचूक नक्कल ठेवते. साय काढलेले दूध मोठ्या पातेल्यात ओतले म्हणून साय परत येत नाही. अशा कामाचे पैसे घेणे आम्हाला पटत नाही, म्हणून नाही म्हटले.

हे आपल्याला घरीही पडताळता येईल. स्पेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घेऊन त्या दुकानातून मिळालेली फाइल त्यात उघडावी; खालचे स्वर तळाशी आणि वरचे स्वर वर, असे आवाजाचे चित्र त्यात दिसते. १२८ च्या एमपी३ पासून केलेल्या फाइलच्या चित्रात बहुधा १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ दिसते आणि तिच्या वर सगळे काळे असते. आमच्या पेनड्राइव्हवरच्या झांजांच्या फ्लॅकमध्ये रंग त्या रेघेच्या बरेच वर गेलेला दिसेल. मात्र जुन्या ध्वनिमुद्रणांत मुळातच वरचे स्वर कमी असतात, तेव्हा नुसती काळी जागा पाहून कोणावर आरोप करू नये. सरळ कापलेली कड हीच खरी खूण.

आता फोनचा मुद्दा. फाइल देताना आम्ही कशावर ऐकणार ते विचारतो, आणि आपण ठाण्याहून लोकलने जाता-येता ब्लूटूथ इअरबड्सवर, असे सांगितले होते. ब्लूटूथवर फ्लॅक जसेच्या तसे जात नाही. फोन ते उलगडतो आणि एसबीसी, एएसी किंवा एखाद्या तत्सम कोडेकमध्ये पुन्हा दाबून इअरबड्सकडे पाठवतो. एसबीसीचा नेहमीचा वरचा बिटरेट सुमारे ३२८, आणि ज्याची इतकी जाहिरात होते त्या एलडॅक कोडेकचा ९९०. म्हणजे तोही १,४११ च्या खालीच. ॲन्ड्रॉइड फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ब्लूटूथ ऑडिओ कोडेक पाहिला की आपल्याकडे काय चालू आहे ते कळेल. तोच गजर २५६ च्या एएसीमध्ये साडेअकरा एमबीत मावतो. लोकलच्या खडखडाटात या दोन फाइलींतला फरक कळला, असे म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही.

कमी बिटरेटचा दोष ऐकू येत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. झांज, टाळ्या, तबल्याची चाट अशा टोकदार आवाजांत १२८ चे जुने एमपी३ उघडे पडते. झांजेचा नाद सळसळत पसरतो आणि चाटेची धार बोथट होते. सीडीवरून थेट केलेल्या २५६ च्या एएसीमध्ये बहुतेकांना हे ओळखता येत नाही. शंका असल्यास वायरचे हेडफोन लावून शांत खोलीत बसावे, घरच्या कोणाला तरी न सांगता दोन्हींपैकी एक फाइल लावायला सांगावे आणि आपण ओळखावे. आवाजाची पातळी दोन्हींना सारखीच हवी, नाहीतर जरा मोठी वाजणारी फाइल उगाचच चांगली वाटते. दहापैकी पाच-सहा उत्तरे बरोबर आली तर तो नुसता अंदाज. नऊ-दहा आली तर आपला कान खरोखर तयार आहे, आणि अशा वेळी फोनमध्येही फ्लॅकच हवे. ते आम्ही वेगळे पैसे न घेता भरून देऊ, फक्त फोनमध्ये जागा मोकळी करून आणावी.

पेनड्राइव्हवरचे फ्लॅक काहीही झाले तरी पुसू नये, आणि त्याची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. पुढे गाडीच्या स्टिरिओसाठी एमपी३ लागले तर ते या फ्लॅकवरून करून घ्यावे, फोनमधल्या एएसीवरून नव्हे, कारण दाबलेली फाइल पुन्हा दाबली की गळती दुसऱ्यांदा होते.