नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

“दादाच्या एफडीला थोरला नॉमिनी आहे, म्हणजे पैसे त्याचेच. बाकीच्यांनी मागायचा प्रश्नच नाही.”

हे चूक आहे. कसबा बावड्यातलं एक हिंदू घर धरा. दादा मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, पत्नी, थोरला मुलगा आणि लग्न झालेली मुलगी. दादांच्या स्वकमाईची बारा लाखांची एफडी, नॉमिनी थोरला. दिवसकार्य झालं की तो मृत्यूचा दाखला आणि क्लेम फॉर्म घेऊन बँकेत जाईल. बँक त्याला बारा लाख देईल आणि बँकेची जबाबदारी तिथं संपेल.

मालकीचं मात्र अजून ठरलेलं नसतं. नॉमिनीनं ते पैसे वारसांच्या वतीनं घ्यायचे असतात. मृत्युपत्र नसल्यावर वाटे हिंदू वारसा कायदा, 1956 ठरवतो. म्हणून चौघांना तीन-तीन लाख. म्हातारी आई यातून हमखास विसरली जाते, ते मला फार लागतं. लेकीचा वाटा लग्नानं कमी होत नाही.

मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलंय त्याला मिळतं, नॉमिनी कुणीही असो. ते खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब म्हणजे प्रोबेट. इथल्या मिळकतीच्या मृत्युपत्राला ते सक्तीचं नाही. विम्याचा नियम मात्र वेगळा: 2015 च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, आईवडील, मुलं नॉमिनी असतील तर कायदा त्यांना लाभार्थी मानतो.

थोरला वाटा देत नसेल, तर बँकेशी भांडू नका, दावा त्याच्यावर दिवाणी कोर्टात करा.